जपानी हॉटेलच्या दारावरचा आगीचा नकाशा: फोटोवरून मराठीत कसा आणायचा?

मृणाल_के

आईबाबा सध्या जपानमध्ये आहेत. दादा ओसाकाला असतो, पण त्याला अचानक कामावर परतावं लागलं आणि हे दोघं मात्सुएला एका जुन्या, लहान बिझनेस हॉटेलात एकटेच राहिलेत. सातवा मजला, खोली ७०६. खोलीतला एकही कागद इंग्रजीत नाही. दादाला जपानी कामापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. बाबांनी चार फोटो पाठवलेत, ते खाली टाकते.

फोटो १: दाराच्या आतल्या बाजूला लावलेला मजल्याचा नकाशा. वरच्या ओळीत एक खोली लाल रंगवली आहे. तिच्या खाली कॉरिडॉर, त्यात डावीकडे जाड बाण आणि उजवीकडे तुटक बाण.
फोटो २: टेबलावरच्या फोल्डरमधलं सूचनांचं पान.
फोटो ३: खिडकीजवळच्या पेटीवरचं स्टिकर, त्यावर दोरीला लटकलेल्या माणसाची चित्रं.
फोटो ४: बाथरूमच्या दारावरची छोटी पिवळी पट्टी.

आईचे गुडघे दुखतात आणि ती रात्रभर याच विचारात असते की काही झालं तर जायचं कुठे. मला हे तिला मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून पाठवायचं आहे. कुणी मदत कराल का?

भटक्या_सातारकर

अहो, इतकं सोपं आहे. फोनमध्ये कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं अ‍ॅप असतं, ते नकाशावर धरायचं, सगळं मराठीत दिसतं. मी निम्मं जग असंच फिरलो. तुमचा फोटो १ मीच टाकून बघितला, सोबत स्क्रीनशॉट देतोय. "वर्तमान स्थान", "आपत्कालीन निर्गमन", सगळं आलंय. बाण डावीकडे आहे, म्हणजे खोलीतून बाहेर पडून डावीकडे जायचं.

गौरी_तोक्यो

मृणाल, सातारकरांचा स्क्रीनशॉट आईबाबांना कृपया पाठवू नकोस. जेवणाच्या मेन्यूसाठी ते अ‍ॅप चांगलं आहे, मीही वापरते. नकाशावर मात्र ते भाषांतर मूळ अक्षरांच्या जागी चिकटवतं. जपानी शब्द तीन अक्षरांत मावतो, मराठी शब्द लांब होतो आणि शेजारच्या खोलीवर सरकतो. त्या स्क्रीनशॉटमध्ये "वर्तमान स्थान" ७०७ वर जाऊन बसलंय आणि जिन्याजवळचं बाणाचं टोक झाकलं गेलंय. नकाशा मूळ राहू द्यायचा, त्यावर फक्त आकडे घालायचे आणि आकड्यांचे अर्थ वेगळ्या कागदावर लिहायचे. इथल्या हॉटेलांच्या सूचना इतर भाषांत आणायचं काम मी बरीच वर्षं करते, त्यात आम्ही असंच करतो.

डावीकडे जायचं की उजवीकडे, हे मात्र इतक्यात कुणीच सांगू नका. आधी मला आणखी फोटो हवेत. बाबांना सांग:

एक, नकाशाचा फोटो समोरून, फ्लॅश बंद ठेवून. प्लास्टिकवर उजेड चमकलाय आणि खालची चिन्हांची सूची पांढरी पडली आहे.
दोन, फक्त त्या सूचीचा जवळून फोटो.
तीन, थोडं मागे जाऊन असा फोटो, ज्यात पूर्ण दार, कडी आणि नकाशा एकत्र दिसेल.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. नाहीतर फोटोची प्रत उतरते आणि जपानी अक्षरातल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात.

नाईक_अग्निशमन

मी मुंबईत अग्निशमन सेवेत होतो, आता निवृत्त आहे. मृणालताई, आईला सांगा की सात मजले उतरायची चिंता करू नका. उंच इमारतीत रेफ्युज एरिया असतो, तिथे जाऊन थांबायचं, जवान येऊन घेऊन जातात. नकाशात तो कुठे आहे ते शोधा.

गौरी_तोक्यो

नाईककाका, नमस्कार. तो नियम आपल्याकडे आहे, २४ मीटरच्या वरच्या इमारतींना. इथल्या अशा जुन्या सात-आठ मजली हॉटेलात तशी जागा असेल असं धरून चालू नका. या नकाशात तरी नाही. इथली कल्पना वेगळी आहे: प्रत्येक खोलीतून दोन वेगवेगळ्या दिशांना बाहेर पडता आलं पाहिजे. म्हणून जाड बाण आणि तुटक बाण. जाड बाण पहिला रस्ता, तिकडे धूर असेल तर तुटक बाण.

कोकणघर

छान धागा. आमचं गुहागरला होमस्टे आहे, चार खोल्या. पाहुणे आता बंगलोर, हैदराबादहूनही येतात आणि आमच्या सूचना मराठीत आहेत. गीझर, पाण्याची वेळ, माकडांमुळे खिडकी बंद ठेवा वगैरे. इंग्रजीत कुणी करून देईल का? पाठवू का इथेच?

मृणाल_के

कोकणघर, तुमच्यासाठी वेगळा धागा काढाल का? इथे आईबाबांचं आधी होऊ दे, प्लीज.

गौरीताई, नवे फोटो टाकलेत. सूची आता स्पष्ट आहे.

गौरी_तोक्यो

उत्तम फोटो आलेत. आता नीट वाच.

नकाशाच्या डोक्यावर लिहिलंय "हिनान केइरो-झु", म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटांचा नकाशा. लाल खोलीवर "गेन्झाइची", म्हणजे तुम्ही इथे आहात. जाड बाण डाव्या टोकाच्या जिन्याकडे जातो, तुटक बाण उजव्या टोकाच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याकडे. दोन्हींवर "हिजोगुची" लिहिलंय, म्हणजे संकटकाळचं दार.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दिशेच्या. नकाशात ७०६ वरच्या ओळीत आहे आणि कॉरिडॉर तिच्या खाली. म्हणजे बाबा खिडकीकडे पाठ करून दाराबाहेर पाऊल टाकतील तेव्हा ते नकाशातल्या "खालच्या" दिशेला तोंड करून असतील. त्यांचा उजवा हात कागदाच्या डाव्या बाजूला येईल. जाड बाण कागदावर डावीकडे असला तरी बाबांनी बाहेर पडून उजवीकडे वळायचं आहे. हाच नकाशा समोरच्या ओळीतल्या खोलीत लावला तर तिथल्या माणसाला खरोखर डावीकडे जावं लागेल. चांगली हॉटेलं प्रत्येक खोलीसाठी नकाशा फिरवून छापतात. जुन्या ठिकाणी सगळ्या दारांवर एकच चित्र असतं आणि फक्त लाल रंग बदलतो.

दार, कडी आणि नकाशाचा एकत्र फोटो मागितला तो याचसाठी. नुसत्या नकाशाच्या फोटोत कागद कोणत्या भिंतीवर, कसा लावलाय ते कळत नाही, आणि फोन कधीकधी फोटो आडवा फिरवून ठेवतो.

माझ्या शब्दावरही विसंबू नका. बाबांना दाराबाहेर उभं राहून, आपल्या दाराकडे पाठ करून, दोन्ही शेजारच्या खोल्यांचे नंबर वाचायला सांग. उजवीकडे ७०५ असेल तर मी म्हणते ते बरोबर. ७०७ असेल तर थांबा आणि मला कळवा.

भटक्या_सातारकर

हे दिशेचं पटलं. पण मग नकाशा हवाच कशाला? कॉरिडॉरमध्ये हिरवा धावणारा माणूस असतोच. तो ज्या बाजूला धावतोय तिकडे जायचं. जगभर तेच चिन्ह आहे.

गौरी_तोक्यो

चिन्ह सगळीकडे ओळखू येतं, बरोबर. पण माणसाचं तोंड ही दिशा नव्हे, सोबतचा बाण ही दिशा. आणि जपानमध्ये दोन वेगळ्या पाट्या आहेत. हिरव्या पाटीवर पांढरा माणूस असेल तर तेच बाहेरचं दार, त्याखालून जायचं. पांढऱ्या पाटीवर हिरवा माणूस आणि बाण असेल तर दार अजून पुढे आहे, बाणाच्या दिशेने चालत राहायचं. घाबरलेला माणूस पांढऱ्या पाटीखालचं पहिलं दार उघडतो आणि ती चादरी ठेवायची खोली निघते.

धुरात वरच्या पाट्या दिसतच नाहीत हेही लक्षात घ्या. धूर छतापासून खाली भरत येतो.

नाईक_अग्निशमन

हे शंभर टक्के. म्हणून आम्ही लोकांना सांगायचो, दारं मोजा. भिंतीला हात लावून, वाकून जायचं आणि दारं मोजायची.

मृणालताई, आणखी एक. कॉरिडॉरच्या मधोमध भिंतीला टेकवून ठेवलेला जाड लोखंडी दरवाजा आहे का ते बाबांना बघायला सांगा. एरवी तो उघडा असतो, लक्षातही येत नाही. धूर लागला की आपोआप मिटतो. मग जिथे दिवसा मोकळी वाट होती तिथे भिंत दिसते आणि माणसं मागे फिरतात. त्याला कुलूप नसतं. ढकलायचा, पलीकडे जायचं आणि मागे परत मिटू द्यायचा.

मृणाल_के

बाबा आत्ता जाऊन आले. दाराकडे पाठ केली की उजवीकडे ७०५, डावीकडे ७०७. म्हणजे गौरीताई म्हणतात तसंच!

लोखंडी दरवाजा आहे, ७०३ च्या अलीकडे. त्याच्या आतच एक लहान दार कापलेलं आहे.

पण बाबा म्हणतात ७०४ खोलीच नाही. नकाशात राहून गेली आहे का?

गौरी_तोक्यो

नाही, ती खोली खरंच नसते. जपानीत चारच्या आकड्याचा "शी" हा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच आहे, म्हणून बरीच हॉटेलं तो नंबर वगळतात. काही ठिकाणी नऊही वगळतात. म्हणून नाईककाका म्हणतात तसं दारंच मोजायची, नंबरांची वजाबाकी करायची नाही. ७०६ मधून उजवीकडे: ७०५, ७०३, ७०२, ७०१. चार दारं सोडली की जिना. वजाबाकी केली तर पाच येतात, आणि अंधारात पाचवं दार शोधणारा माणूस जिन्यापुढे निघून जातो.

मोठ्या लोखंडी दरवाजातलं लहान दार तेच, ज्यातून जायचं. त्याचा उंबरठा थोडा उंच असतो, आईंना पाय उचलायला सांग.

जिन्याच्या दाराच्या कडीवर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असेल तर ते फोडून कडी फिरवायची असते. खाली काउंटरवर घंटा वाजेल, वाजू दे. बाबांनी आत्ता ते फोडून बघायचं नाही, फक्त झाकण आहे का एवढं पाहून ठेवायचं.

मृणाल_के

आईचा प्रश्न: कॉरिडॉरच्या शेवटच्या खिडकीवर लाल उलटा त्रिकोण आहे. तिथून उडी मारायची का? ती खरंच घाबरली आहे.

गौरी_तोक्यो

नाही, अजिबात नाही. तो त्रिकोण बाहेरून अग्निशमन दलाला दिसावा म्हणून असतो. त्या खिडकीतून ते आत येतात. आतून आपल्यासाठी अर्थ एवढाच की तिच्यासमोर बॅग ठेवायची नाही.

नाईक_अग्निशमन

आणि शिडी लागली असेल तर त्या खिडकीशी उभं राहून टॉर्च हलवायला हरकत नाही. उडी कधीच नाही.

गौरी_तोक्यो

आता फोटो २. पान मोठं आहे, पण त्यातलं बरंचसं चेकआउट आणि नाश्त्याचं आहे, ते मी खाजगी निरोपात पाठवते. जिवाशी संबंध असलेल्या ओळी इथे देते.

जपानी सूचना फार नम्र असतात. शेवटी "गो-एन्र्यो कुदासाई" येतं. शब्दशः मराठी केलं तर "कृपया संकोच बाळगावा" असं काहीतरी होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही विनंती आहे, जमलं तर पाळू. त्याचा अर्थ सरळ "करू नका" असा आहे. या पानावर ते दोन ठिकाणी आहे: पलंगावर पडून सिगारेट ओढू नका, आणि खोलीत शेगडी किंवा आग पेटवू नका. पहिली ओळ इथे प्रत्येक हॉटेलात दिसते. ८ फेब्रुवारी १९८२ ला तोक्योतल्या हॉटेल न्यू जपानमध्ये पलंगावरच्या सिगारेटमुळे आग लागली आणि ३३ माणसं गेली, त्यात परदेशी पाहुणे बरेच होते. मराठीत लिहिताना नम्रपणा बाजूला ठेव आणि थेट आज्ञार्थ वापर.

फोटो ४ ची पिवळी पट्टी: "आंघोळीच्या वाफेने आगीची घंटा वाजू शकते. आंघोळ करताना बाथरूमचं दार बंद ठेवा." अ‍ॅपने याचं काय केलं असेल ते माहीत नाही, पण ही पट्टी महत्त्वाची आहे. आपली माणसं गुदमरायला होतं म्हणून दार किलकिलं ठेवतात, आणि मग मध्यरात्री घंटा वाजते.

मृणाल_के

बाप रे, आई दार उघडंच ठेवते! लगेच सांगते.

घंटा वाजली तर खरी की खोटी हे त्यांना कसं कळणार? सगळं जपानीतच बोलतील ना?

गौरी_तोक्यो

हा प्रश्न फार चांगला विचारलास. ज्या हॉटेलांत ध्वनिमुद्रित सूचना देणारी यंत्रणा आहे तिथे दोन टप्पे असतात. आधी बाईचा आवाज: अमुक मजल्यावरचं यंत्र वाजलं आहे, कर्मचारी पाहत आहेत, पुढची सूचना ऐका. तेव्हा बूट घालायचे, पासपोर्ट, किल्ली आणि टॉर्च हातात घ्यायची, दार उघडून कानोसा घ्यायचा. नंतर आग खरी असेल तर पुरुषाचा आवाज येतो: "काजी देस्, काजी देस्." काजी म्हणजे आग. हे ऐकलं की निघायचं. पुन्हा बाईचाच आवाज आला आणि "काजी" ऐकू आलं नाही, तर बहुधा घंटा चुकून वाजली होती. पण धूर दिसला किंवा वास आला तर कुठल्याच आवाजाची वाट पाहायची नाही.

आणखी दोन शब्द कानाला ओळखीचे करून ठेवा: "हिनान" म्हणजे बाहेर पडा, "जिशिन" म्हणजे भूकंप. भूकंपात लगेच पळायचं नसतं, आधी डोकं झाकून पडणाऱ्या वस्तूंपासून लांब राहायचं आणि हलणं थांबल्यावर दार उघडून ठेवायचं, नाहीतर चौकट वाकून दार अडकतं.

टॉर्च पलंगाजवळ भिंतीवर अडकवलेली असेल. अशा बऱ्याच टॉर्चना बटण नसतं, खाचेतून ओढली की आपोआप पेटते. बाबांना एकदा ओढून बघू दे.

भटक्या_सातारकर

टॉर्चचं मला माहीत नव्हतं. बाईचा आणि पुरुषाचा आवाज हेही. नोंदवून ठेवलं.

फोटो ३ राहिला की. दोरीवाली पेटी. ती तर सगळ्यात सोपी वाट दिसते, सरळ खिडकीतून खाली. आईंना जिने नकोतच ना, मग हेच बरं.

गौरी_तोक्यो

नाही. ती पेटी म्हणजे "कान्कोकी". दोरी आपोआप हळू सुटते आणि एकेक माणूस भिंतीलगत खाली उतरतो. स्टिकरवरची चित्रं क्रमाने अशी: पेटीतलं यंत्र खिडकीजवळच्या लोखंडी हाताच्या कडीत अडकवा आणि पेच घट्ट फिरवा. खाली कुणी नाही हे पाहून दोरीचं रीळ बाहेर टाका. पट्टा डोक्यावरून घालून काखेखाली आणा आणि कडी सरकवून आवळा. दोन्ही दोऱ्या धरून बाहेर या, भिंतीकडे तोंड करा, मग दोऱ्या सोडा. शेवटच्या चित्रावर लाल फुली आहे ती हात वर करू नका यासाठी. हात वर गेले की पट्टा काखेतून निसटतो. पहिला माणूस खाली पोचतो तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाचा पट्टा वर आलेला असतो, तो दुसऱ्यासाठी.

ही वाट दोन्ही जिने बंद झाले तरच. नकाशातही तिला बाण नाही, फक्त खिडकीशी चिन्ह आहे.

नाईक_अग्निशमन

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. गुडघे दुखणाऱ्या, घाबरलेल्या बाईला सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकवण्यापेक्षा, दोन्ही जिन्यांत धूर असेल तर खोलीतच थांबावं. दार बंद, फटीत ओले टॉवेल, बाथरूमचा पंखा बंद, खिडकीतून टॉर्च. मी अशी माणसं वाचलेली पाहिली आहेत.

गौरी_तोक्यो

काका, बंद दाराआड धूर किती वेळ थोपेल हे त्या दारावर आहे, आणि जुन्या हॉटेलात मी त्याची खात्री देणार नाही. ती पेटी तिथे लावली आहे ती याच वेळेसाठी.

नाईक_अग्निशमन

मान्य, पण ती वापरायचा सराव कुणी केलेला असतो? मी माझ्या बायकोला थांबायलाच सांगेन.

मृणाल_के

हे दोन्ही मी बाबांना तसंच सांगते, ठरवू दे त्यांना. त्याआधी हा कागद पाठवतेय, बघाल का?

*१. घंटा वाजली: बूट, पासपोर्ट, किल्ली, टॉर्च.*
*२. "काजी" ऐकलं किंवा धूर दिसला: निघा. लिफ्ट नाही.*
*३. दाराबाहेर पडून उजवीकडे. चार दारं मोजा. मग जिना.*
*४. वाटेत लोखंडी भिंत दिसली तर तिच्यातलं लहान दार ढकला. उंबरठा उंच आहे.*
*५. उजवीकडे धूर असेल तर डावीकडे, टोकाचा बाहेरचा जिना.*
*६. लाल त्रिकोणाच्या खिडकीतून उडी नाही.*
*७. आंघोळ करताना बाथरूमचं दार बंद.*

गौरी_तोक्यो

चांगलं झालंय. पाचव्या ओळीत डावीकडची दारंही लिही. नकाशावरून ७०७, ७०८ आणि ७१० दिसतात, पण त्यापुढचा चौकोन खोली आहे की सामानाची जागा हे फोटोत वाचता येत नाही. बाबांना तिकडेही एकदा चालायला सांग. आणि तो बाहेरचा जिना बाहेरून कुलूपबंद आहे का? आत जाता आलं नाही तरी चालेल, बाहेर पडता आलं पाहिजे.

कोकणघर

वेगळा धागा काढतो. पण हे वाचून एक विचारायचंय: आमच्याकडे चारही खोल्यांत एकच नकाशा लावलाय, दोन खोल्या पूर्वेच्या आणि दोन पश्चिमेच्या बाजूला. म्हणजे दोन खोल्यांत तो उलटा आहे ना?

गौरी_तोक्यो

हो. त्या दोन खोल्यांसाठी फिरवून छापा. फक्त अक्षरं उलटी होणार नाहीत एवढं बघा, चित्र फिरवायचं आणि नावं नव्याने लिहायची.

मृणाल_के

बाबा डावीकडे जाऊन आले. ७१० नंतरचा चौकोन म्हणजे बर्फाचं मशीन आणि कपडे धुवायची जागा. बाहेरच्या जिन्याच्या कडीवर प्लास्टिकचं झाकण आहे. पण त्या दारासमोर हॉटेलने चादरींची ट्रॉली उभी करून ठेवली आहे. काउंटरवर दाखवायला जपानीत दोन ओळी लिहून द्याल का, की ती हलवा?

गौरी_तोक्यो

खाजगी निरोपात मोठ्या अक्षरात पाठवलंय. बाबांनी ट्रॉलीचा फोटोही सोबत दाखवावा. आज रात्रीच जायला सांग, आणि हलवली का ते झोपायच्या आधी परत बघायला सांग.